टीम सोडताना सव्वादोन मिनिटांचा निरोपाचा व्हिडिओ: तीन आठवणी निवडण्यापासून फाइल पाठवण्यापर्यंत

याआधी एक टीम सोडली तेव्हा मी निरोपाचा व्हिडिओ केला होता, नऊ मिनिटांचा. अकरा जणांची नावं, प्रत्येकाबद्दल दोन-दोन वाक्यं, सगळं रात्री बसून पाठ केलेलं, आणि एवढं करून एक नाव राहिलंच. ज्याचं राहिलं तो काही बोलला नाही, पण शेवटच्या दिवशी माझ्याशी जरा जास्तच व्यवस्थित वागला, त्यावरून काय ते मी समजले. शिवाय ज्या टूलवर व्हिडिओ टाकला होता तिथे कुणी कुठपर्यंत बघितला ते दिसायचं, तर बहुतेकांनी तिसऱ्या मिनिटाच्या आसपास बंद केलेला.

यावेळी नऊ जणांची टीम होती, बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारी, मी चार वर्षं लीड होते. व्हिडिओ सव्वादोन मिनिटांचा, तीन आठवणी, बस. तो नीट जमला म्हणून कसा केला ते पूर्ण लिहून ठेवतेय. यातला अर्ध्याहून जास्त वेळ कॅमेरा चालू करायच्या आधीच जातो हे आधीच सांगते, कारण रेकॉर्डिंग म्हणजे फार तर तासाभराचं काम आहे, आठवणी निवडायला मात्र मला दोन संध्याकाळी लागल्या.

आठवणींची यादी, आणि मग काटछाट

नुसतं डोक्यातून आठवायला बसलं की तेच तेच येतं, मोठा रिलीज, पार्टी, अवॉर्ड. म्हणून आधी चॅट उघडा आणि "अरे देवा", "झालं एकदाचं", "सॉरी" असले शब्द सर्च करा, खोटं नाही सांगत, सगळ्यात चांगलं साहित्य तिथे सापडतं. मग कॅलेंडर मागे मागे नेत जा, कुठल्यातरी मीटिंगचं नाव बघून एकदम काहीतरी आठवतं. मी अर्ध्या तासात चौदा आठवणी लिहिल्या, प्रत्येकी एक ओळ.

मग काटछाट. प्रत्येक ओळीला मी एकच प्रश्न विचारला: यात समोरच्या माणसाने नेमकं काय केलं? उत्तर "आपण सगळ्यांनी खूप मेहनत केली" असं येत असेल तर ती ओळ गेली. उत्तरात मीच हिरॉइन असेन तरी गेली, आणि अशा निघतात बरं का, माझ्या चौदातल्या चार तशा होत्या. तुम्हाला हव्यात त्या अशा आठवणी, ज्यात एखाद्याने काहीतरी लहानसं केलं, पुढे विसरूनही गेला, आणि तुमच्या ते लक्षात राहिलंय हे त्याला माहितीच नाही. व्हिडिओत लोक जागेवर सरळ होऊन बसतात ते ह्याच क्षणी. अवॉर्डची गोष्ट सगळ्यांना आधीच ठाऊक असते.

दुसरी चाळणी म्हणजे त्यात बोललेलं एक वाक्य आहे का, अगदी शब्दाला शब्द आठवणारं. असलं तर आठवण वीस-तीस सेकंदांत सांगता येते, कारण ते वाक्यच सगळं काम करतं. नसलं तर तुम्ही वर्णन करत बसता आणि मिनिट कधी उलटलं कळत नाही.

तिसरी चाळणी जरा नाजूक आहे. ही गोष्ट त्या माणसाला बाकीच्यांसमोर ऐकायला चालेल का, आणि उद्या त्याच्या नव्या लीडने व्हिडिओ बघितला तरी चालेल का? माझ्या यादीत एकीच्या घरच्या आजारपणाच्या दिवसांतली आठवण होती, माझ्यासाठी सगळ्यात जवळची तीच, पण ती व्हिडिओत नाही घेतली, तिला वेगळं पत्र लिहिलं. क्लायंटचं नाव किंवा आकडे आल्याशिवाय जी गोष्ट कळतच नाही तीही बाद, कारण फाइल कुठे फॉरवर्ड होईल ते तुमच्या हातात नसतं. आणि तिघांचाच आपापसातला जोक असेल तर उरलेले सहा जण बाहेर बसल्यासारखे होतात, तोही नको.

ज्या उरल्या त्यांच्याबद्दल संबंधित माणसाला आधी विचारून घ्या, सरप्राइज थोडं गेलं तरी चालेल. मी एकाला विचारलं, "ती 'आज अडलंय' वाली गोष्ट सांगू का?" तर तो म्हणाला, "सांग, पण काय अडलं होतं ते नको सांगूस." बरं झालं विचारलं, कारण माझ्या पहिल्या ड्राफ्टमधे ते होतं.

तीनच का, आणि कुठल्या तीन

दोन सांगितल्या की वाटतं एवढंच आठवलं का हिला, आणि चौथी सुरू झाली की ऐकणारा अजून किती आहेत ते मोजायला लागतो. पण तिन्ही एकाच जातीच्या नकोत. तीन रिलीजच्या रात्री सांगितल्या तर त्यातून एकच गोष्ट कळते, की या टीमला झोप मिळत नाही. मी असं वाटून घेतलं: एक मोठी, ज्यात बरेच जण होते, एक अगदी रोजच्यातली बारीकशी, आणि एक ज्यात माझं चुकलं आणि टीमने मला सरळ केलं. शेवटी स्वतःच्या चुकीची आठवण ठेवायची, कारण दुसरी आठवण बहुधा डोळ्यात पाणी आणते आणि तुम्हाला रडत निरोप घ्यायचा नसतो, हसत घ्यायचा असतो. लीडने स्वतःवर हसलेलं लोकांना आवडतं हे तर आहेच, पण खरं कारण हा क्रम आहे.

आता नावांचा प्रश्न, ज्यात मी मागच्या वेळी आपटले. नावांची यादी वाचायची नाही, ठीक, पण मग कुणी राहिलं तर? कागदावर नऊ जणांची नावं उभी लिहा, शेजारी तीन रकाने करा, कोण कुठल्या आठवणीत येतंय तिथे खूण करा. माझ्या पहिल्या फेरीत चार जण कुठेच नव्हते. दोघं पहिल्या आठवणीत खरंच होते, मीच त्यांना "बाकीच्यांनी" मधे टाकलं होतं, ते नावाने आणले. राहिलेले दोघं नुकतेच जॉइन झालेले, त्यांच्या आणि माझ्या अशा आठवणीच नव्हत्या. त्यांच्यासाठी ओढूनताणून चौथी आठवण करायची नाही, आहे त्याच एखादीत "तुम्ही तेव्हा नव्हता" हेच गमतीने सांगायचं. कसं ते खाली स्क्रिप्टमधे दिसेल.

टीम पंधराच्या वर असेल तर हे जमत नाही. तिथे नावं फक्त आठवणीतल्या चार-पाच जणांची घ्या आणि उरलेल्यांना त्याच दिवशी दोन-दोन ओळींचा वैयक्तिक मेसेज पाठवा, व्हिडिओ जायच्या आधी. आधी हे महत्त्वाचं, नंतर पाठवला की भरपाई केल्यासारखं वाटतं.

लिहायचं कसं

लॅपटॉपवर टाइप करायला बसलात की ऑफिसचं मराठी येतं. माझी पहिल्या आठवणीची पहिली आवृत्ती ही होती, लाज वाटते पण दाखवते:

"मार्चमधलं मायग्रेशन आपल्या सगळ्यांसाठी खूप चॅलेंजिंग होतं, पण सगळ्यांनी मिळून रात्रंदिवस मेहनत घेतली आणि आपण ते यशस्वीपणे पार पाडलं, त्यातून मला टीमवर्क म्हणजे काय ते शिकायला मिळालं."

हे कुठल्याही टीमला, कुठल्याही महिन्यात, कुणीही बोलू शकतं. मग मी तीच गोष्ट बहिणीला फोनवर सांगितली, तिला आमच्या कामातलं काही कळत नाही, आणि माझं बोलणं फोनच्या रेकॉर्डरवर घेतलं. तिला सांगताना मी आपोआप "रात्रीचे दोन चाळीस वाजलेले, कुणीच काही बोलत नाहीये" इथून सुरुवात केली. ते ऐकून उतरवून काढलं, फापटपसारा कापला, आणि तीच फायनल झाली. टीमबाहेरच्या कुणालातरी तोंडाने सांगा आणि मग लिहा, ह्याच्यापेक्षा सोपा उपाय मला माहिती नाही.

लांबी मोजायला स्वतःचा वेग काढा. एक मिनिट टायमर लावून नेहमीसारखं वाचा आणि शब्द मोजा. माझे साधारण 110 भरले, म्हणजे सव्वादोन मिनिटांना 250 च्या आतबाहेर. कॅमेऱ्यासमोर आपण घाईत बोलतो असं वाटतं, पण मधे श्वास आणि थांबे येतात, त्यामुळे हिशोब बरोबर बसतो. सुरुवातीला पंधरा सेकंद, शेवटाला तेवढेच, आणि मधली पावणेदोन मिनिटं तीन आठवणींत वाटलेली. सारखी वाटायची गरज नाही, मोठीला जास्त द्या.

ही माझी पूर्ण स्क्रिप्ट. नावांच्या जागी इथे एकेक अक्षर ठेवलंय:

> नमस्कार मंडळी. शुक्रवारी माझा शेवटचा दिवस, हे तुम्हाला माहितीच आहे. मीटिंगमधे मला हे नीट बोलता येणार नाही, म्हणून रेकॉर्ड करतेय. तीन गोष्टी आठवतात, तेवढ्याच सांगते.
>
> पहिली, मार्चमधलं मायग्रेशन. रात्रीचे दोन चाळीस, स्क्रिप्ट साठ टक्क्यांवर अडकलेली, सगळे कॉलवर आणि कुणीच काही बोलत नाहीये. मी रोलबॅक करा म्हणणार होते. तेवढ्यात र, तू माइक चालू करून विचारलंस, "तारखेचा कॉलम रिकामा असलेल्या ओळी कुणी मोजल्यात का?" कुणीच मोजल्या नव्हत्या. म, क आणि ह, तुम्ही वीस मिनिटांत त्या बाजूला काढल्यात, आणि साडेतीनला आपण झोपायला गेलो. र, तेव्हापासून प्रत्येक रिलीजच्या आधी मी मनातल्या मनात तुझा प्रश्न विचारते.
>
> दुसरी छोटी आहे. स, तू रोज सकाळी स्टँडअपला एकच वाक्य बोलायचास, "माझं काही अडलेलं नाही." तीन वर्षं. आणि एक दिवस म्हणालास, "आज अडलंय." पंधरा मिनिटांची मीटिंग, पण अकरा वाजेपर्यंत एकही जण कॉलवरून उतरला नाही. ड, तू तर सुट्टीवर होतीस, तरी जॉइन झालीस. मी त्या दिवशी काही केलं नाही, नुसती बघत बसले होते.
>
> तिसरी माझी चूक. मी रोज संध्याकाळी सहाची स्टेटस मीटिंग चालू केली होती, आठवतंय? महिनाभर सगळे निमूट आलात. मग ग, तू इन्व्हाइटचं नाव बदलून ठेवलंस, "ही मीटिंग का आहे?" मी दहा मिनिटं उत्तर टाइप केलं, खोडलं, आणि मीटिंगच डिलीट केली. न आणि ज, तुम्ही नंतर आलात, तुम्हाला त्या मीटिंगला बसावं लागलं नाही, त्याबद्दल ग चे आभार माना.
>
> बस, एवढंच. सोमवारपासून रिलीजच्या कॉलवर मी नसेन, तर तो रिकाम्या ओळींचा प्रश्न कुणीतरी विचारत जा. येते मी.

बघा, यात "धन्यवाद" कुठेच नाही. ठरवून नव्हतं काढलं, पण लिहून झाल्यावर लक्षात आलं की गरजच पडली नाही. शेवटी नवीन काही सांगायचं नाही, पहिल्या आठवणीतली एखादी वस्तू परत उचलायची आणि निघायचं. "संपर्कात राहू", "माझा नंबर तोच आहे" हे सगळं मेलमधे लिहा.

काय बोलायचं नाही ते पटकन सांगते. का सोडतेय, कुठे चाललेय, माझ्यानंतर लीड कोण (जाहीर झालेलं असलं तरी, ती घोषणा तुमची नाही), आणि "माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा". शेवटचं वाक्य सवयीने तोंडात येतं, पण ज्याच्याशी खरंच काही बिनसलं होतं त्याला ते नऊ जणांत मिळून माफी मागितल्यासारखं लागतं. तसं कुणी असेल तर त्याच्याशी जाऊन बोला.

रेकॉर्डिंग: आधी आवाज, मग बाकीचं

चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की बंद करतात. रिकाम्या मीटिंग रूममधे काचा आणि टेबल असल्यामुळे आवाज घुमतो, तिथे नको. घरातली पडदे, गादी, कपड्यांचं कपाट असलेली खोली सगळ्यात चांगली. खोलीच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा, टाळीनंतर बारीक "टंन्न" मागे राहत असेल तर खोली बदला किंवा समोरच्या खुर्चीवर जाडसर चादर टाका. पंखा बंद, एसी बंद, फोन एअरप्लेन मोडवर. एअरप्लेन मोड विसरू नका, माझ्या सगळ्यात चांगल्या टेकच्या मधे कुरियरवाल्याचा फोन आला होता आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं.

फोन दोन-तीन फुटांवर असेल तर फोनचा स्वतःचा माइक चालतो. त्याहून लांब ठेवणार असाल तर वायरचा इअरफोन लावा, पण त्याचा माइक ओढणीला किंवा गळ्यातल्या कशालाही घासला की खरखर येते आणि ती नंतर निघत नाही, म्हणून माइकची वायर कॉलरला चिमट्याने लावा आणि दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. हेडफोनवरच, फोनच्या स्पीकरवर खरखर कळत नाही.

खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको, पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो. डोक्यावरचा दिवा एकटाच असेल तर डोळ्यांखाली सावल्या येतात आणि माणूस आजारी दिसतो, म्हणून शक्यतो दिवसा करा. फोन आडवा, कारण लोक लॅपटॉपवर बघणार. लेन्स डोळ्यांच्या उंचीला, त्यासाठी टेबलावर पुस्तकांचा ढीग पुरतो. लेन्स पुसा, खरंच, रुमालाने एकदा पुसा, बोटाच्या तेलकट डागामुळे सगळं धुरकट दिसतं आणि आपण कॅमेऱ्याला नावं ठेवतो.

सेल्फी कॅमेऱ्यात आपण स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत बसतो आणि समोरच्याला वाटतं ही बाजूला कुठेतरी बघतेय. मी स्क्रीन कागद चिकटवून झाकली आणि लेन्सच्या अगदी शेजारी एक छोटी स्टिकी नोट लावली, तिच्यावर दोन-दोन शब्दांच्या चारच खुणा होत्या: दोन चाळीस, आज अडलंय, सहाची मीटिंग, येते मी. पूर्ण स्क्रिप्ट समोर ठेवलीत तर वाचाल, आणि वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर होऊ दे. फक्त इतरांनी बोललेली ती तीन वाक्यं आहेत तशी यायला हवीत, तेवढी पाठ करा.

रिझोल्यूशन 1080p, 30 फ्रेम, बास. 4K घेतलंत तर फाइल विनाकारण मोठी होते. आयफोन असेल तर आधी Settings मधे Camera, मग Formats मधे जाऊन Most Compatible निवडा, नाहीतर काही विंडोज लॅपटॉपवर आवाज येतो आणि चित्र येत नाही.

रेकॉर्ड चालू केल्यावर तीन सेकंद गप्प बसा, मग बोला, शेवटी "येते मी" म्हटल्यावर परत तीन सेकंद लेन्सकडेच बघत रहा. लगेच बटण दाबायला हात पुढे केला की व्हिडिओचं शेवटचं दृश्य म्हणजे तुमचा तळहात. मी सलग एका दमात बोलले, पण अडखळायला होत असेल तर आठवण संपली की दोन सेकंद थांबा, तिथे नंतर कट मारता येतो. वाक्याच्या मधे मारलेला कट डोक्याच्या हालचालीमुळे झटका बसल्यासारखा दिसतो.

किती टेक? माझा पहिला घाबरलेला, दुसऱ्यात कुरियरवाला, तिसरा घेतला तोच ठेवला. पाचच्या पुढे गेलात तर थांबा, दुसऱ्या दिवशी करा, कारण पाचव्यानंतर तुम्ही आठवण सांगत नसता, मागचा टेक आठवून त्याची नक्कल करत असता. तिसऱ्या टेकमधे "नुसती बघत बसले होते" ला माझा आवाज थोडा फुटला, मी दोन सेकंद थांबले, श्वास घेतला, पुढे गेले. ते ठेवलं. पण रडून बोलणंच कळेनासं झालं असेल तर तो टेक नको, टीमला मग तुमची काळजी वाटायला लागते आणि आठवणी बाजूला राहतात.

कापणं आणि सबटायटल

एडिटिंग म्हणजे पुढची-मागची शांतता कापणं, एवढंच. फोनच्या गॅलरीत ट्रिम असतो, त्यात होतं. पुढचा अर्धा सेकंद ठेवा, अगदी "न" पासून कापलंत तर पहिला शब्द गिळल्यासारखा ऐकू येतो. मागे म्युझिक नको, हळवं म्युझिक लावलं की बोलणं जाहिरातीसारखं वाटतं. फोटोंचा स्लाइडशोही नको, फोटो वेगळे पाठवा.

सबटायटल मात्र करा, एक तर बरेच लोक आवाज बंद ठेवूनच पहिल्यांदा बघतात आणि टीममधे कुणाला कमी ऐकू येत असेल तर त्याला विचारायची वेळ येऊ नये. सव्वादोन मिनिटांचं हाताने लिहायला अर्धा तास लागतो. साध्या नोटपॅडमधे असं लिहायचं:

```
1
00:00:00,500 --> 00:00:03,500
नमस्कार मंडळी.
शुक्रवारी माझा शेवटचा दिवस,

2
00:00:03,600 --> 00:00:05,500
हे तुम्हाला माहितीच आहे.
```

आकडा, वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेकंदांनंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही, टिंब दिलं तर काही प्लेअर ती ओळ दाखवतच नाहीत. फाइलचं नाव व्हिडिओचंच, शेवटी .srt, आणि सेव्ह करताना Encoding मधे UTF-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. आणि विनोदाचं वाक्य आधीच दिसू देऊ नका, "ही मीटिंग का आहे?" ला मी वेगळा नंबर दिला, नाहीतर मी बोलायच्या आधीच लोक वाचून हसतात.

पाठवणं, आणि एक खड्डा

खड्डा आधी. ऑफिसच्या अकाउंटवर व्हिडिओ ठेवून लिंक दिलीत तर तुमचं अकाउंट बंद झालं की फाइलही जाऊ शकते, लिंक मेली. मागच्या कंपनीत माझा नऊ मिनिटांचा तसाच गेला, त्याचं दुःख नाही, पण यावेळी काळजी घेतली. फाइल टीमच्या शेअर्ड फोल्डरमधे टाकली, म्हणजे मालकी टीमची, आणि एकीला डाउनलोड करून ठेवायला सांगितलं. तुमच्याकडे असा फोल्डर नसेल तर सरळ फाइलच पाठवा. व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतं आणि चित्र फाटतं. लिंक पाठवणार असाल तर आधी टीममधल्या एकाला उघडून बघायला सांगा, तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून ती उघडणारच, त्यावरून काही कळत नाही.

वेळ कुठली? शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, कामाचे कॉल संपल्यावर. सकाळी पाठवलात तर लोक मीटिंगांच्या मधे तुकड्या-तुकड्यांत बघतात. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाठवलात तर त्यांना परत काही म्हणायला तुम्ही उरत नाही. आणि अर्थात, जाण्याची बातमी ऑफिशियली जाहीर झाल्याशिवाय नाही.

कॉलवर सगळ्यांना मिळून दाखवायचा असेल तर स्क्रीन शेअर करताना आवाजाचा टिक करा, झूममधे Share sound, टीम्समधे Include sound. तो राहिला की नऊ जण तुमचे ओठ हलताना बघतात आणि कुणीतरी "आवाज येत नाहीये" म्हणतं, मग परत पहिल्यापासून, आणि "दोन चाळीस" ची मजा गेली. मला विचाराल तर कॉलवर दाखवूच नका. आपण समोर बसलेलो असताना आपलाच व्हिडिओ चालू असणं हा भयंकर प्रकार आहे, तुम्ही कुठे बघायचं तेच कळत नाही. मी गुरुवारी चार वाजता चॅनलवर टाकला, वर एकच ओळ, "सव्वादोन मिनिटं, हेडफोन लावा", आणि लॅपटॉप बंद करून चालायला गेले.

परत आले तेव्हा स ने अंगठा दाखवला होता, म्हणजे त्याच्या हिशोबाने भाषणच. ग ने शुक्रवारी संध्याकाळी सहाचं इन्व्हाइट पाठवलं होतं, नाव, "ही मीटिंग आहे." आणि र चा एक मेसेज होता. मी स्क्रिप्ट लिहिताना वेळ चॅटमधे बघून घेतली होती, पण ती माझ्या मेसेजची वेळ निघाली, तिने त्याच्या आधीच विचारलेलं.

"व्हिडिओ छान. दोन चाळीस नाही, दोन दहा. कॉलच्या लॉगमधे चेक केलं."